कॉस्ट सेंटर, कॉस्ट युनिट, कॉस्ट ऑब्जेक्ट: तीन डबे नाहीत, तीन प्रश्न आहेत

पत्र

सर, मी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, सोलापूरलाच. कॉस्टिंगमध्ये कॉस्ट सेंटर म्हणजे डिपार्टमेंट आणि कॉस्ट युनिट म्हणजे एक नग एवढं पाठ केलंय. पण कॉस्ट ऑब्जेक्ट म्हणजे नेमकं तिसरं काय ते कळतच नाही, तिन्ही एकच वाटतात. आमच्या काकांचा टॉवेलचा छोटा कारखाना आहे, 12 माग. तिथं जाऊन तिन्ही शोधायचा प्रयत्न केला तर अजून गोंधळ झाला, कारण तिथं डिपार्टमेंटच नाहीत, आणि काका नग नाही तर किलोचा भाव धरतात. काका म्हणाले असलं काही नसतं, एकूण खर्च भागिले एकूण किलो, झाला हिशेब. मग पुस्तक चूक की काका चूक?
एक विद्यार्थिनी, सोलापूर

उत्तर

पुस्तक पण चूक नाही आणि काका पण नाहीत, पण काकांच्या हिशेबात एक भोक आहे आणि ते आपल्याला याच तीन शब्दांनी सापडणार आहे, म्हणून आधी तू कारखान्यात गेलीस ते फार बरं केलंस असं वाटतं मला.

आधी तुझ्या मनात जे धरलंय ना, की हे तीन वेगवेगळे डबे आहेत आणि कारखान्यातली एकेक गोष्ट उचलून कुठल्यातरी एकाच डब्यात टाकायची, ते बाजूला ठेव. सगळा गोंधळ तिथूनच सुरू होतो. हे डबे नाहीत, खर्चाला विचारायचे तीन प्रश्न आहेत. खर्च कुठं झाला? त्याचं उत्तर कॉस्ट सेंटर. कुठल्या मापात मोजायचा? ते कॉस्ट युनिट. आणि मुळात कशाचा खर्च काढायला बसलोय आपण? ते कॉस्ट ऑब्जेक्ट. आता एकच गोष्ट दोन प्रश्नांचं उत्तर असू शकते, त्यात काही बिघडत नाही, जसं एकच माणूस कुणाचा काका असतो आणि कुणाचा मालक असतो.

आता काकांच्या कारखान्यासारखाच एक कारखाना घेऊ, अक्कलकोट रोड एमआयडीसीत एक शेड, 12 माग, सूत बाहेरून रंगवून येतं. आकडे मी हिशेब सोपा व्हावा म्हणून गोल घेतलेत, काकांच्या वहीतले आकडे वेगळे असतील ते तू नंतर घाल. महिन्याला 25 दिवस, दोन पाळ्या, आठ-आठ तास. माल 6,000 किलो निघतो. त्यात 4,500 किलो अंघोळीचे टॉवेल, एक नग अर्ध्या किलोचा म्हणजे 9,000 टॉवेल, आणि 1,500 किलो नॅपकीन, एक नग 100 ग्रॅमचा म्हणजे 15,000 नॅपकीन. हे दोन आकडे लक्षात ठेव, 9,000 आणि 15,000, पुढं सगळा खेळ यांच्यावरच आहे.

पहिलं कॉस्ट सेंटर. तू म्हणतेस डिपार्टमेंट नाहीत. शेडमध्ये भिंती नाहीत एवढंच गं. एका कोपऱ्यात वार्पिंगचं मशीन आहे, शेजारी कांडी भरायचं मशीन, मध्ये मागांच्या दोन रांगा, प्रत्येक मागावर वरखाली दोन बीम, एक जमिनीच्या ताण्याचा आणि एक पाईलचा, आणि दाराकडच्या बाजूला तीन शिलाई मशीनं आणि घडी घालायचं टेबल. आणि एक फिटर आहे जो पान्याची पिशवी घेऊन दिवसभर फिरत असतो, त्याला स्वतःची जागाच नाही. तर इथं मी चार सेंटर धरीन: तयारी, म्हणजे वार्पिंग आणि कांडी मिळून, मग मागखाता, मग शिलाई-पॅकिंग, आणि चौथा तो फिटर. हो, एकटा माणूस पण कॉस्ट सेंटर होऊ शकतो, एखादं मशीन पण होऊ शकतं. व्याख्येत जागा, माणूस किंवा यंत्र किंवा यांचा गट असं जे येतं ते यासाठीच येतं. डिपार्टमेंट हे फक्त एक सोयीचं रूप झालं.

मग सेंटर किती करायची, कुठं तोडायचं, हे कसं ठरवायचं? माझ्या मते एकच कसोटी पुरते: त्या सेंटरमधला सगळा खर्च एकाच मापानं मोजला तर चालतंय का. मागाचा खर्च माग किती तास चालला त्यावर जातो, शिलाईचा खर्च बाई किती मिनिटं बसली त्यावर जातो. मापं वेगळी म्हणजे सेंटर वेगळी. तसंच 12 पैकी दोन माग जकार्डचे असतील, महागडे आणि सावकाश चालणारे, तर ते 10 साध्या मागांच्या रांगेत उभे असले तरी त्यांचं सेंटर वेगळं करायचं, नाहीतर साध्या टॉवेलावर जकार्डचा खर्च चढतो आणि कुणाला कळत पण नाही. आपल्या उदाहरणात सगळे माग सारखे आहेत म्हणून एकच मागखाता ठेवला.

आता महिन्याचा खर्च या चौघांत टाकू. तयारीचा स्वतःचा खर्च 54,000, मागखात्याचा 2,64,000 त्यात विणकरांची मजुरी, वीज, मागांची घसारा हे सगळं आलं, शिलाई-पॅकिंगचा 60,000, आणि फिटरचा पगार, तेल-ग्रीस, सटरफटर सुटे भाग मिळून 36,000. विजेचं बिल एकच येतं, मीटर एकच, तेव्हा ते मोटारचा हॉर्सपॉवर गुणिले चाललेले तास या प्रमाणात वाटायचं, बिल आलं की जिथं आठवेल तिथं टाकायचं नाही.

फिटर मात्र टॉवेल विणत नाही, शिवत नाही, त्याच्या हातातून एक नग बाहेर जात नाही. म्हणून त्याला सर्व्हिस सेंटर म्हणतात आणि त्याचा खर्च त्यानं ज्यांची कामं केली त्यांच्यावर टाकावा लागतो. त्यानं महिनाभर डायरीत लिहिलं, 120 तास दुरुस्ती केली, 80 तास माग, 20 तास तयारी, 20 तास शिलाई मशीन. 36,000 भागिले 120, तासाला 300 रुपये. म्हणजे मागखात्यावर 24,000, तयारीवर 6,000, शिलाईवर 6,000. झालं, फिटरचं सेंटर रिकामं झालं आणि आता तीन सेंटरचे आकडे असे: तयारी 60,000, मागखाता 2,88,000, शिलाई-पॅकिंग 66,000.

(एक गोष्ट इथंच सांगतो. शिलाईवाल्या बाईंना जाब विचारायचा तर 60,000 चा विचारायचा, 66,000 चा नाही. फिटरचे 6,000 त्यांनी खर्च केलेले नाहीत, आपण कागदावर टाकलेत. सेंटर करायचं निम्मं कारण खर्चावर ताबा ठेवणं हे असतं, आणि ज्याच्या हातात जे नाही त्याचा जाब त्याला विचारला की माणसं हिशेबावरचा विश्वासच सोडतात.)

आता युनिट. काका किलो म्हणतात आणि तू नग म्हणतेस, आणि तुला वाटतंय यातलं एकच बरोबर असणार. तसं नाहीये. युनिट म्हणजे ज्या मापात खर्च सांगितला तर त्या धंद्यातल्या माणसाला अर्थ लागतो ते माप. आपल्याकडं टॉवेलचा होलसेलचा व्यवहार किलोवर होतो, म्हणून किलो हे एकदम योग्य युनिट आहे. तोच माल हॉटेलला द्यायचा तर हॉटेलवाला विचारणार नगाला कितीला, दुकानदार विचारेल डझनाला कितीला. वीटभट्टीवाला हजार विटांवर बोलतो, ट्रान्सपोर्टवाला टन-किलोमीटरवर बोलतो, दवाखाना एका पेशंटच्या एका दिवसावर बोलतो. धंद्यात जे माप तोंडात असतं तेच बहुतेक वेळा युनिट असतं. काकांचा किलो शंभर टक्के बरोबर आहे.

चूक पुढं आहे. माल विकायचं माप किलो आहे म्हणून प्रत्येक सेंटरचा खर्च पण किलोनंच वाटायचा असं काका धरून चाललेत, आणि तुझ्या पुस्तकातले दोन शब्द वेगळे का आहेत ते नेमकं इथं कळतं.

काकांच्या रीतीनं कर. रंगवलेलं सूत, वेस्ट धरून, किलोमागं 270 रुपये. तयारी 60,000 भागिले 6,000 किलो म्हणजे 10 रुपये. मागखाता 48 रुपये. शिलाई 11 रुपये. एकूण 339 रुपये किलो, मग टॉवेल असू दे नाहीतर नॅपकीन. (ऑफिस, व्याज, विक्रीचा खर्च यात नाही, हा फक्त कारखान्याचा खर्च आहे.)

आता एकेका सेंटरजवळ जाऊन उभी रहा. तयारीत किलोनं वाटलेलं चालतं, सूत तेच, काम वजनाच्या हिशेबानंच वाढतं. मागखात्यात खरं माप मागाचा तास. 12 माग, 16 तास, 25 दिवस, 4,800 तास, म्हणजे तासाला 60 रुपये. आणि इथं नॅपकीन आणि टॉवेल दोघांनाही किलोमागं 0.8 तासच लागतो असं धरलंय, कारण जाडी तीच, सूत तेच, नॅपकीन मागावर शेजारी-शेजारी विणले जातात आणि नंतर कापले जातात, मागाला काय फरक पडतो. 60 गुणिले 0.8 बरोबर 48. काकांचाच आकडा आला. इथपर्यंत काका बरोबर.

आता शिलाईच्या टेबलाजवळ ये. एक किलो अंघोळीचे टॉवेल म्हणजे दोन नग. बाईनं दोनदा उचलायचं, कडा दुमडायच्या, शिवायचं, लेबल लावायचं, दोरे कापायचे, घडी. एक किलो नॅपकीन म्हणजे दहा नग! दहा वेळा उचल, दहा वेळा दुमड, दहा लेबलं. तिच्या डाव्या हाताला नॅपकीनचा ढीग दुपारपर्यंत कमी व्हायचं नाव घेत नाही आणि टॉवेलचा ढीग चहाच्या आत संपतो, वजन मात्र दोन्हीचं सारखंच. काट्याला हे दिसत नाही, बाईच्या पाठीला दिसतं.

म्हणून शिलाईचं माप मिनिट. घड्याळ लावून बघितलं तर समज टॉवेलला घडीपर्यंत धरून 2 मिनिटं लागतात, नॅपकीनला 1 मिनिट. टॉवेल 9,000 नग म्हणजे 18,000 मिनिटं, नॅपकीन 15,000 नग म्हणजे 15,000 मिनिटं. एकूण 33,000 मिनिटं आणि खर्च 66,000, म्हणजे मिनिटाला 2 रुपये. टॉवेलच्या एका किलोत 4 मिनिटं, 8 रुपये. नॅपकीनच्या एका किलोत 10 मिनिटं, 20 रुपये. पडताळून बघ, 4,500 किलोचे 36,000 आणि 1,500 किलोचे 30,000, बेरीज 66,000 च येते. पैसा नवीन आला नाही की कुठं गेला नाही, फक्त ज्याचा त्याच्यावर बसला.

मग खरा खर्च असा: टॉवेल 270 अधिक 10 अधिक 48 अधिक 8, 336 रुपये किलो. नॅपकीन 270 अधिक 10 अधिक 48 अधिक 20, 348 रुपये किलो. समज काका दोन्ही 345 ला विकतात. त्यांच्या वहीत नॅपकीनवर किलोला 6 रुपये सुटतात, 1,500 किलोवर 9,000 मिळाले म्हणून बरं वाटतं. खरं तर किलोला 3 रुपये जातायत, महिन्याला 4,500 चा तोटा आणि तो टॉवेल गुपचूप भरून काढतोय. एकूण नफ्याचा आकडा दोन्ही हिशेबात तोच येतो, म्हणून वर्षाच्या शेवटी सीए कडून आलेल्या कागदावर हे कधीच दिसत नाही. दिसतं ते वेगळ्या रीतीनं: नॅपकीनच्या ऑर्डरी भराभर मिळायला लागतात कारण आपला भाव बाजारापेक्षा कमी पडतो, टॉवेलची गिऱ्हाइकं महाग म्हणून हळूहळू सरकतात, आणि काम वाढूनही हातात काही राहत नाही. असं होत असलं की आधी वाटपाचं माप तपासायचं. मी नोकरीच्या सुरुवातीला एका टॉवेलच्याच कारखान्यात हिशेब बघत होतो तिथं हेच झालं होतं, नॅपकीनची ऑर्डर वाढली म्हणून मालकांनी चौथी शिलाई मशीन घेतली आणि मी वर्षभर किलोनंच भागत बसलो होतो, त्याची हळहळ अजून वाटते.

राहिला कॉस्ट ऑब्जेक्ट, आणि आता तो सोपा आहे कारण तू तो वर दोनदा वापरलास. आपण "नॅपकीनला किती पडलं" विचारलं तेव्हा नॅपकीन हा माल कॉस्ट ऑब्जेक्ट होता, आणि उत्तर किलो या युनिटमध्ये दिलं. ज्याचा खर्च काढायला बसलो तो ऑब्जेक्ट, बास. कारखान्यात शोधून तो सापडत नाही कारण तो जमिनीवर नसतो, प्रश्नात असतो. तुला तिथं गोंधळ झाला तो याच्यामुळंच.

प्रश्न बदल, ऑब्जेक्ट बदलेल. एका हॉटेलनं 3,000 नॅपकीन मागवले, नाव भरतकाम करून. आता ऑब्जेक्ट ही ऑर्डर. 300 किलो गुणिले 348 म्हणजे 1,04,400. भरतकाम बाहेर, नगाला 4 रुपये, 12,000. वेगळं पॅकिंग आणि गाडीभाडं 3,600. ऑर्डरचा खर्च 1,20,000, आणि युनिट आता नग, 40 रुपये नग. बघ, भरतकाम आणि भाडं हे कुठल्याच सेंटरमधून आलं नाही, थेट ऑर्डरवर बसलं. सूत पण तसंच थेट बसतं. म्हणजे खर्च ऑब्जेक्टपर्यंत दोन वाटांनी येतो, ज्याचा पत्ता थेट लागतो तो सरळ येतो, आणि ज्याचा लागत नाही तो सेंटरमध्ये थांबून, मापाचा दर लावून मग येतो.

आणि उद्या काकांनी विचारलं की हा फिटर पगारी ठेवू का गरज लागेल तेव्हा बाहेरून बोलवू? तर त्या दिवशी कॉस्ट ऑब्जेक्ट फिटरच, म्हणजे ते सेंटरच! 36,000 त्याचा खर्च, समोर बाहेरच्या माणसाचं बिल. म्हणून तुला तिन्ही एकच वाटत होते ते अगदीच चुकीचं नव्हतं. कॉस्ट ऑब्जेक्ट हा मोठा शब्द आहे, सेंटर आणि माल दोघंही त्याच्या पोटात येतात. आपल्या कॉस्ट अकाउंटंट्स इन्स्टिट्यूटचं सीएएस-1 हे स्टँडर्ड आहे, त्यातल्या ऑब्जेक्टच्या व्याख्येत प्रॉडक्ट, सर्व्हिस, अ‍ॅक्टिव्हिटी, प्रोजेक्ट, कस्टमर यांच्या जोडीला कॉस्ट सेंटर पण आहे. परीक्षेत फरक विचारला तर हे वाक्य जरूर लिही, बरीच मुलं तिन्ही वेगळे-वेगळे दाखवायच्या नादात ते सोडतात.

एक मर्यादा पण सांगतो म्हणजे काकांशी बोलताना अडकणार नाहीस. मागाचा 60 रुपये तास हा दर 4,800 तास माग चालले तरच खरा. समज सूत आलं नाही म्हणून आठवडाभर माग बंद राहिले, पगार आणि घसारा तर चालूच राहते, तर दर वर चढतो आणि त्या महिन्याचा टॉवेल उगाचच महाग दिसतो. टॉवेलचा त्यात दोष नाही. असा नेहमीचा नसलेला बंद काळ वेगळा काढायचा आणि नफा-तोटा पत्रकात टाकायचा, टॉवेलच्या किलोत मिसळायचा नाही. रोजची थोडीफार खोटी मात्र, धागा तुटणं, बीम बदलणं, ती दरातच राहू दे.

काकांना लगेच तोटा होतोय म्हणून सांगायला जाऊ नकोस, माझे आकडे मानलेले आहेत आणि त्यांचे वेगळे निघू शकतात. पुढच्या वेळी जाशील तेव्हा काकांना विचारून शिलाईच्या टेबलाशेजारी स्टूल टाकून बस, आणि त्या बाईंना आधी सांग की तुमचं काम तपासायला नाही, हिशेब शिकायला आलेय, नाहीतर त्या घाईनं शिवतील आणि माप चुकेल. सकाळी एक तास नि दुपारी जेवणानंतर एक तास असं नॅपकीनचं मोज, दुसऱ्या दिवशी टॉवेलचं, नग वहीत लिही. चहा, दोरा संपणं, सुई तुटणं हे सगळं त्या तासातच धर. मग 120 मिनिटं भागिले दोन्ही तासांचे मिळून नग, तुझं मिनिट मिळालं. शिलाईचा महिन्याचा खर्च काकांकडून घे, आणि मग त्याच वहीत एका बाजूला काकांच्या रीतीनं किलोचा भाव लिही आणि दुसऱ्या बाजूला मिनिटाच्या रीतीनं, आणि वही काकांपुढं ठेव.